फिरत्या ठरावाची जन्मतारीख

‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ गृहनिर्माण संस्था असो, दूध संघ असो की शाळेचं विश्वस्त मंडळ, सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय हाच असतो. हे वाक्य आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की दोन सभांच्या मधे कागद फिरवून, सह्या घेऊन एखादा ठराव केला, तर तोही पुढच्या सभेत ‘कायम’ करावा लागतो असं आपण गृहीत धरतो. सभेने मान डोलावेपर्यंत तो ठराव कच्चा, असा समज सगळीकडे आढळतो.

कंपनी सेक्रेटरीच्या कामात एका खासगी कंपनीचं इतिवृत्त पुस्तक माझ्यासमोर आलं होतं. बँक खात्यावर सही कोणी करायची, याचा ठराव संचालकांनी जूनमध्ये कागद फिरवून केला होता. जुलैच्या सभेच्या इतिवृत्तात मात्र ‘सदर ठरावास ही सभा आज मंजुरी देत आहे’ असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण त्या ‘आज’मुळे एक प्रश्न उभा राहिला: ठराव जुलैत मंजूर झाला असेल, तर मधल्या पाच-सहा आठवड्यांत धनादेशांवर सह्या कोणाच्या अधिकाराने झाल्या? लेखापरीक्षकाने तोच विचारला, आणि उत्तर देताना सगळ्यांची तारांबळ उडाली. खरं तर ठराव जूनमध्येच पक्का झाला होता. इतिवृत्तातल्या एका चुकीच्या शब्दाने त्याची जन्मतारीख बदलून टाकली.

म्हणून फिरता ठराव कसा करायचा हे सांगताना मी त्याच्या तारखेचा धागा धरून जाणार आहे. ठराव नेमका कोणत्या क्षणी जन्माला येतो हे कळलं, की मसुदा, सह्या आणि पुढच्या सभेतली नोंद या सगळ्यांचं कारण आपोआप कळतं.

मी कंपनीच्या संचालक मंडळाबद्दल बोलते आहे, कारण तिथला कायदा सर्वांत स्पष्ट आहे. कंपनी कायदा, २०१३ मधलं कलम १७५ फिरत्या ठरावासाठीच आहे. त्याला जोडून इन्स्टिट्यूट ऑफ कंपनी सेक्रेटरीज ऑफ इंडियाचं ‘सेक्रेटरियल स्टँडर्ड-१’ येतं. कलम ११८ मुळे ते पाळणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. कलमात तत्त्व सांगितलं आहे आणि स्टँडर्डमध्ये दिवसांचा आणि मतांचा हिशेब.

१९५६ च्या जुन्या कायद्यात हाच विषय कलम २८९ मध्ये होता. तिथे मसुदा सगळ्यांना पाठवायचा असला, तरी मान्यता मोजताना त्या वेळी भारतात असलेल्या संचालकांचाच विचार व्हायचा. पत्र परदेशी पोचायला आठवडे लागत त्या काळाची ती सोय होती. २०१३ च्या कायद्यात हा भेद गेला. संचालक शिरोळला असो की शारजाला, मसुदा त्याच्या कंपनीत नोंदवलेल्या भारतातल्या पत्त्यावर हातपोच, टपालाने किंवा कुरिअरने, नाहीतर ईमेलने गेलाच पाहिजे, आणि त्याचं मत मोजलंच पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ. कंपनी काल्पनिक आहे, पण अशा कंपन्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पावलोपावली भेटतील. कोल्हापूरच्या एका कुटुंबाची ही फौंड्री, संचालक सात: दोन भाऊ, त्यांची चुलत भावंडं, एक सून आणि एक जुने स्नेही. बँक खात्यावर सही करणारे लेखा व्यवस्थापक ३१ मे २०२५ ला नोकरी सोडून गेले. पगार ७ जूनला व्हायचे आहेत. बँकेला नव्या सहीदाराच्या नावाचा संचालक मंडळाचा ठराव हवा. मंडळाची पुढची सभा १८ जुलैला ठरलेली आहे. सभेला एरवी सात दिवसांची लेखी सूचना लागते. तातडीच्या कामासाठी कमी मुदतीत सभा बोलावता येते, व्हिडिओवरही घेता येते. पण विषय एकच, वादाचा नाही, आणि सातही जण एका वेळी मोकळे मिळत नाहीत. अध्यक्ष ठरवतात, ठराव फिरवू. हा निर्णय मसुदा पाठवण्याआधी अध्यक्षांनीच घ्यायचा असतो. ते नसतील तर व्यवस्थापकीय संचालक, तेही नसतील तर पूर्णवेळ संचालक, आणि असा कोणीच नसेल तर विषयात स्वतःचा हितसंबंध नसलेला कोणताही संचालक तो घेतो.

इथे पहिली चाळणी लागते: हा विषय फिरवून करता येण्यासारखा आहे का? कलम १७९ मध्ये काही अधिकार सभेतच वापरायला सांगितले आहेत. कर्ज घेणं, कंपनीचा पैसा गुंतवणं, कर्ज किंवा हमी देणं, शेअर काढणं, वार्षिक हिशेब मंजूर करणं हे त्यातले. त्यामुळे फौंड्रीला बँकेकडून खेळत्या भांडवलाची नवी मर्यादा मंजूर करून घ्यायची असती, तर सातही जणांनी हसत सह्या केल्या तरी तो ठराव कागद फिरवून झाला नसता. आहे त्या खात्यावरचा सहीदार बदलणं त्या यादीत नाही, म्हणून हे चालतं. बँकेच्या छापील नमुन्यात सहीदार बदलाच्या खाली कर्ज घेण्याचा अधिकारही एका ओळीत दडलेला असतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. तो नमुना तसाच उतरवून फिरवला, तर त्या एका ओळीपुरता ठराव निरर्थक होतो. मसुदा पाठवण्याआधी ती ओळ काढायची.

मसुदा असा असतो:

फिरता ठराव क्रमांक ३/२०२५-२६. पाठवल्याची तारीख : २ जून २०२५. उत्तराची शेवटची तारीख : ९ जून २०२५.
‘ठरवण्यात येते की, कंपनीच्या अमुक बँकेतील अमुक क्रमांकाच्या चालू खात्यावरील व्यवहारांसाठी पूर्वीच्या लेखा व्यवस्थापकांना दिलेला अधिकार रद्द करण्यात येत आहे आणि त्यांच्या जागी श्री. अमुक, उपव्यवस्थापक (लेखा), यांना एकट्याच्या सहीने धनादेश व भरणा आदेश देण्याचा अधिकार देण्यात येत आहे. हा ठराव संमत झाल्याच्या तारखेपासून अमलात येईल.’
मी या ठरावास संमत आहे / असंमत आहे / हा विषय सभेत घ्यावा अशी माझी मागणी आहे. संचालकाचे नाव, सही, तारीख.

या मसुद्यासोबत एक टिपण जातं, आणि माझ्या मते खरं काम टिपणच करतं. सभेत शंका आली की बाजूच्याला विचारता येतं. फिरत्या ठरावात संचालक एकटा वाचत असतो. म्हणून प्रस्ताव काय, तो का, त्याचे परिणाम काय, कोणा संचालकाचा त्यात हितसंबंध आहे का, उत्तर कसं आणि कधीपर्यंत द्यायचं, हे सगळं टिपणात यावं लागतं. आपल्या फौंड्रीच्या टिपणात जुन्या व्यवस्थापकांच्या राजीनाम्याची प्रत जोडली, नव्या माणसाची नोकरीतली वर्षं दिली, आणि महिन्याला साधारण किती रकमेचे धनादेश निघतात तेही लिहिलं. ठराव एकापेक्षा जास्त असते, तर प्रत्येकाचं टिपण वेगळं आणि प्रत्येकावर मतही वेगळं घेतलं असतं. सूचक-अनुमोदकाची नावं लिहिण्याची आपल्याकडची सवय इथे गैरलागू आहे. कलम ती मागत नाही.

‘फिरता’ या शब्दानेच एक चूक घडते. शिपाई एकच कागद घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, मग एका घरून दुसऱ्या घरी जातो, आणि शेवटच्या संचालकाच्या हाती तो पाचव्या दिवशी पडतो. तोवर वरच्या पाच सह्या त्याच्याकडे पाहत असतात. स्टँडर्डला हे मान्य नाही. मसुदा आणि कागदपत्रं प्रत्येकाला स्वतंत्रपणे आणि सगळ्यांना एकाच दिवशी गेली पाहिजेत, ज्याचा हितसंबंध आहे त्यालाही. उत्तरासाठी सात दिवसांपेक्षा जास्त मुदत द्यायची नाही. स्पीड पोस्ट किंवा कुरिअरने पाठवलं तर पोचण्याचे दोन दिवस वेगळे धरायचे. पाठवल्याचा आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवायचा. आपल्या फौंड्रीने सोमवारी, २ जूनला, सातही जणांना ईमेल केले.

सह्या एकाच कागदावर असाव्यात असंही बंधन नाही. प्रत्येकजण आपल्या प्रतीवर सही करून पाठवू शकतो किंवा ईमेलने आपलं मत कळवू शकतो. मात्र सहीखाली तारीख हवी. ती राहिली, तर कागद कंपनीच्या हाती पडला ती तारीख सहीची मानली जाते. ती कोणीतरी मागाहून, दुसऱ्या शाईने भरायची नाही. नोंदवलेल्या पत्त्यावरून आलेल्या ईमेलमध्ये ठराव क्रमांक लिहून ‘संमत’ म्हटलेलं पुरतं. कौटुंबिक व्हॉट्सअॅप गटावर उमटलेल्या अंगठ्यावर मी कधीच विसंबत नाही. कंपनी नियमांमध्ये ईमेल आणि फॅक्सचं नाव घेतलेलं आहे, आणि अंगठा मसुद्याला होता की त्याखाली आलेल्या नातवाच्या फोटोला, हे दोन वर्षांनी कोणी सिद्ध करू शकत नाही.

आता मतांची मोजणी. सातपैकी बहुमत म्हणजे चार. २ जूनला संध्याकाळी अध्यक्षांचं ‘संमत’ आलं. ३ जूनला त्यांच्या भावाचं आलं. ४ जूनला आणखी दोघांची आली. चार मतं झाली. लेखा विभागातून लगेच फोन: ‘झाला ना ठराव? बँकेला पाठवू?’

नाही झाला. बहुतेक ठिकाणी घाई होते ती इथेच. चार जणांचा होकार आला तरी तीन जण अजून बोललेले नाहीत. एकूण संचालकांपैकी किमान एक तृतीयांश जणांनी ‘हा विषय सभेत घ्या’ असं म्हटलं, तर अध्यक्षांना तो सभेपुढे ठेवावाच लागतो, मग बहुमताचा होकार हातात असला तरी. सातचा एक तृतीयांश दोन पूर्णांक एक तृतीयांश, म्हणजे प्रत्यक्षात तीन माणसं. न बोललेले तिघं उद्या तीच मागणी करू शकतात. म्हणून स्टँडर्ड सांगतं की बहुमत ज्या दिवशी मिळालं तो दिवस ठरावाची तारीख तेव्हाच होते, जेव्हा उत्तर न दिलेले आणि सभा मागणारे मिळून एक तृतीयांशापेक्षा कमी उरलेले असतात. तसं झालं नाही, तर मुदतीचा शेवटचा दिवस.

५ जूनला पाचव्या संचालकाचं उत्तर आलं: ‘असंमत’. सुनेने लिहिलं होतं की एकट्याच्या सहीला माझा विरोध आहे. दोन लाखांच्या वरच्या धनादेशावर दोघांच्या सह्या हव्यात. हे उत्तर विरोधाचं आहे, आणि तरीही ठराव पक्का झाला तो याच उत्तराने. तिने सभा मागितली नाही, विरोध नोंदवला. आता न बोललेले दोनच उरले. दोन म्हणजे एक तृतीयांशापेक्षा कमी. होकार चार आहेतच. ठरावाची जन्मतारीख ५ जून २०२५. बँकेला त्याच दुपारी प्रमाणित प्रत गेली आणि शनिवारी पगार झाले.

६ जूनला सहाव्याने सभा मागितली. तोपर्यंत ठराव झालेला होता, आणि मागणारा एकटाच होता. सातव्याने ९ तारखेपर्यंत काहीच कळवलं नाही; तो तटस्थ धरला. याउलट सून, सहावा आणि सातवा या तिघांनीही मुदतीत सभा मागितली असती, तर चार होकार असूनही ठराव थांबला असता. मुदतीत चार होकारच जमले नसते, तर तो नामंजूर ठरला असता.

हितसंबंधाचा विषय असता, तर हिशेब आणखी बदलतो. सातपैकी दोघांचा विषयात हितसंबंध असेल, तर त्यांना मत नाही. मग उरलेल्या पाचांतलं बहुमत म्हणजे तीन. सभा मागण्याचा एक तृतीयांश मात्र सगळ्या सातांवरच मोजायचा.

बँकेला गेलेल्या प्रमाणित प्रतीत काय लिहायचं? ‘५ जून २०२५ रोजी फिरत्या पद्धतीने संमत झालेल्या ठरावाची खरी प्रत.’ संगणकात तयार असलेल्या नमुन्यात ‘…रोजी झालेल्या संचालक मंडळाच्या सभेत संमत’ असं असतं, आणि घाईत तेच जातं. मग जी सभा झालीच नाही, तिची प्रमाणित प्रत बँकेच्या दप्तरात जाऊन बसते. काही बँकांची माणसं ‘सभेचाच ठराव हवा’ म्हणून अडतात. रीतसर फिरवलेला ठराव सभेत केलेल्या ठरावाइतकाच वैध असतो. हे कलम १७५ दाखवून शांतपणे सांगितलं की बहुतेक जण मानतात.

आता १८ जुलैची सभा. कलम १७५ च्या दुसऱ्या पोटकलमात या सभेकडून दोनच गोष्टी मागितल्या आहेत: ठरावाची नोंद घ्या आणि तो इतिवृत्ताचा भाग करा. मंजुरी, कायम करणे, अनुसमर्थन यातला एकही शब्द तिथे नाही. कायद्याला जिथे अनुसमर्थन हवं असतं, तिथे तो तसं स्पष्ट म्हणतो. कमी मुदतीत बोलावलेल्या सभेला एकही स्वतंत्र संचालक आला नाही, तर तिथले निर्णय सगळ्यांना पाठवून किमान एका स्वतंत्र संचालकाने त्यांना दुजोरा दिल्यावरच अंतिम होतात, असं कलम १७३ सांगतं. त्याच कायद्यात दोन कलमांच्या अंतराने ‘नोंद’ म्हटलं आहे, तर तिथे नोंदच अभिप्रेत आहे.

फौंड्रीच्या इतिवृत्तात मग असं लिहिलं गेलं:

‘विषय ४ : दिनांक २ जून २०२५ रोजी सर्व ७ संचालकांना ईमेलने पाठवलेला फिरता ठराव क्रमांक ३/२०२५-२६ हा दिनांक ५ जून २०२५ रोजी बहुमताने संमत झाल्याची मंडळाने नोंद घेतली. ठरावाचा मजकूर पुढीलप्रमाणे…’

खाली ठराव शब्दशः, मग संमत चौघांची नावं, असंमत संचालिकेचं नाव आणि तिचं कारण, मुदतीत सभा मागणाऱ्याचं नाव, उत्तर न देणाऱ्याचं नाव. कोणाचा हितसंबंध असता, तर त्याने मत दिलं नाही हेही आलं असतं. विरोध आणि तटस्थता लिहिणं सौजन्यापुरतं नाही, ते बंधनकारक आहे. उद्या त्या खात्यातून गैरव्यवहार झाला, तर ५ जूनला कोण काय म्हणालं होतं हे सांगणारा दुसरा कागद नसतो.

नोंदीचा विषय आला तेव्हा सुनेने मुद्दा पुन्हा काढला, आणि या वेळी तो इतरांना पटला. सभेने नवा ठराव केला की १८ जुलैपासून दोन लाखांपेक्षा जास्त रकमेच्या धनादेशावर दोघांच्या सह्या लागतील. सभा हे करू शकते. झालेला ठराव पुढच्या तारखेपासून बदलू किंवा रद्द करू शकते. पण ५ जून ते १८ जुलै या काळातले धनादेश जुन्या ठरावाच्या आधाराने निघाले आणि ते तसेच वैध राहिले. ठराव जुलैच्या मंजुरीवर टांगून ठेवला असता, तर त्या दिवशी सभेतला मतभेद मागच्या सहा आठवड्यांच्या पगारांवर येऊन आदळला असता.

नोंद घ्यायची राहून गेली तर? चूक आहे, आणि लक्षात येताच त्यापुढच्या सभेत ती घ्यावी. पण ठराव वैध होण्याच्या अटी पहिल्या पोटकलमात आहेत आणि नोंद दुसऱ्यात, म्हणून नोंद उशिरा झाल्याने ठरावाची तारीख पुढे सरकते असं मी मानत नाही.

चूक पहिल्या पोटकलमातलीच असेल, तर मात्र परिस्थिती उलटी होते. समजा, सातव्या संचालकाला मसुदा पाठवलाच नव्हता. तो जुना ईमेल पत्ता होता आणि निरोप परत आला. मग सहा सह्या असूनही तो ठराव रीतसर झालेला नाही, आणि १८ जुलैला ‘नोंद’ लिहून तो होणारही नाही. अशा वेळी सभेला खरोखर अनुसमर्थनाचं काम करावं लागतं. सभेने सहीदाराला नव्याने अधिकार द्यायचा आणि वेगळ्या वाक्यात म्हणायचं की ५ जूनपासून त्यांनी कंपनीच्या वतीने केलेल्या सह्या आणि व्यवहार, त्यांची यादी पाहून, मंडळ मान्य करत आहे. अधिकाराशिवाय केलेलं काम मालकाने मागाहून आपलं म्हणण्याची ही सोय भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये आहे. मात्र जो विषय सभेतच घ्यायला हवा होता तो फिरवला, तर नोंद घेऊन भागणार नाही. तो सभेत नव्यानेच ठरवावा लागेल.

आणखी दोन गैरसमज आहेत. वर्षाला ठराविक सभा घेण्याचं बंधन फिरत्या ठरावांनी भागत नाही. कितीही ठराव फिरवले तरी त्यातली एकही ‘सभा’ मोजली जात नाही. आणि ही सोय संचालकांची आहे, भागधारकांची नाही. ब्रिटनमध्ये खासगी कंपनीचे भागधारकही लेखी ठराव करू शकतात; आपल्याकडे घरातल्या सगळ्या भागधारकांनी एका कागदावर सह्या केल्या तरी तो सर्वसाधारण सभेचा ठराव होत नाही. सहकारी संस्था, न्यास, मंडळं यांना कलम १७५ लागू नाही. तिथे आपल्या उपविधीत किंवा घटनेत फिरत्या ठरावाची तरतूद आहे का, आणि पुढच्या सभेने त्याची ‘नोंद’ घ्यायची आहे की तो ‘कायम’ करायचा आहे, हे वाचायचं. उपविधीत ‘कायम’ लिहिलं असेल, तर तिथे तेच करावं लागतं.

लेखापरीक्षकाने अडवलेल्या त्या कंपनीत आम्ही शेवटी ईमेलची छापील पानं काढली. चौथा होकार आणि त्यानंतरचं पाचवं उत्तर, दोन्हींच्या तारखा जूनच्या होत्या. सही झालेलं जुलैचं इतिवृत्त खोडायचं नसतं, म्हणून पुढच्या सभेत एक परिच्छेद घातला की ठराव जूनच्या त्या तारखेला संमत झाला होता आणि मागच्या इतिवृत्तातली ‘आज मंजुरी’ ही शब्दयोजना चुकीची होती. परीक्षकाने दोन्ही पानांची प्रत घेतली आणि पुढचं व्हाउचर उघडलं.